भाड्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम गळतंय, हातात दोन कोटेशन आहेत, आता मालकाकडून मंजुरी कशी घ्यायची

पुण्यात नवीन नवीन भाड्याने राहायला आलेल्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांच्या दारात एक दिवस खालच्या मजल्यावरचे काका येऊन उभे राहतात आणि म्हणतात की तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या छतातून टपकतंय. नळाचा वॉशर किंवा ट्यूबलाइट असेल तर आपण दोन-तीनशे रुपये घालून मोकळे होतो, पण बाथरूमचं वॉटरप्रूफिंग म्हणजे टाइल्स फोडणं, आठ-दहा दिवस बाथरूम बंद आणि पाऊण लाखाच्या आसपास खर्च, आणि फ्लॅट आपला नाही. अशा वेळी दोन कोटेशन घेऊन मालकाला विचारायचं हे सगळ्यांनाच सुचतं, पण विचारायचं कसं इथे गाडी अडते. मी स्वतः पहिल्या फ्लॅटमध्ये मालकाच्या फोनवरच्या "हो हो, करून घे" वर काम सुरू केलं होतं, आणि बिल दिल्यावर ते म्हणाले मला वाटलं दहा-पंधरा हजारांचं काम असेल. अर्धे पैसे माझ्याच खिशातून गेले. पुढच्या फ्लॅटमध्ये तोच प्रकार झाला तेव्हा नीट पद्धतीने केलं, ती पद्धत खाली देतोय, आकड्यांसकट. आकडे माझ्या केसचे आहेत, तुमच्याकडे रेट वेगळे असतील.

आधी अॅग्रीमेंट काढून वाचा

आपल्यापैकी बहुतेकांचं अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स असतं. त्यात साधारण दोन गोष्टी शोधायच्या. एक, किरकोळ दुरुस्ती कोणाकडे आणि मोठी कोणाकडे. दुसरी, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये तोडफोड किंवा बदल करायचा नाही अशी ओळ आहे का, ती जवळपास नेहमी असतेच. म्हणजे काम कितीही गरजेचं असलं तरी लेखी होकाराशिवाय टाइल फोडली तर कागदावर चूक आपली ठरते, आणि डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी हीच ओळ समोर येते.

इथे एक गैरसमज काढून टाकतो कारण मला तीन-चार जणांनी हाच सल्ला दिला होता, की मालक ऐकत नसेल तर आपण करून घ्यायचं आणि भाड्यातून कापायचं, कायदा आहे तसा. कायदा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम १४. त्यात असं आहे की वेगळा करार नसेल तर जागा राहण्यालायक ठेवणं मालकाचं काम, त्याने टाळलं तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, आणि तरीही वाजवी वेळेत केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून कापू शकतो. पण त्याला मर्यादा आहे, एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. माझं भाडं २२,००० होतं, वर्षाचे २,६४,००० झाले, त्याचा चौथा हिस्सा ६६,०००. माझं काम त्याच्या वर जात होतं. आणि मुख्य म्हणजे हे कलम भाडेकरूसाठी आहे, लीव्ह अँड लायसन्सवाला कायद्याच्या भाषेत लायसन्सी असतो, त्याचा हक्क मुख्यतः त्याच्या अॅग्रीमेंटमधूनच येतो. म्हणून हे कलम हातात धरून कापाकापी सुरू करू नका, तशी वेळ आलीच तर आधी वकिलाला अॅग्रीमेंट दाखवा. मालकाचा स्पष्ट लेखी होकार हाच आपला खरा आधार.

कोटेशन मागवायच्या आधी गळती कुठून आहे ते शोधा

ही पायरी लोक गाळतात आणि मग दोन कॉन्ट्रॅक्टर दोन वेगळ्याच कामांचे रेट देतात, आणि आपण स्वस्त-महाग करत बसतो. गळती ढोबळमानाने तीन ठिकाणाहून येते. भिंतीतली पाण्याची लाइन, जमिनीखालची ड्रेनेजची लाइन म्हणजे नहाणी ट्रॅप आणि त्याचा पाइप, किंवा टाइल्सच्या सांध्यातून झिरपणारं पाणी.

मी असं केलं. रात्री झोपताना बाथरूमचा मेन व्हॉल्व्ह बंद केला, सकाळपर्यंत बाथरूम वापरलं नाही. खालच्या काकांना सांगून ठेवलं होतं की थेंब मोजा. सकाळी त्यांच्याकडे थेंब जवळपास थांबला होता, पण मग व्हॉल्व्ह उघडला आणि नळ कुठलाच न सोडता दोन तास ठेवला तरी वाढला नाही. म्हणजे प्रेशरची लाइन बरी होती, ती फुटलेली असती तर व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या थेंब परत सुरू झाला असता, बाथरूम वापरा नाहीतर नका वापरू.

मग नहाणी ट्रॅपचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीत कापड कोंबून घट्ट बंद केलं, जमिनीवर साधारण दीड इंच पाणी भरलं आणि भिंतीच्या टाइलवर पेन्सिलने पातळीची खूण केली. २४ तासांनी पातळी नावापुरती खाली आली होती, तेवढं तर उडूनही जातं. खाली डागात फरक नाही. म्हणजे टाइल्सच्या सांध्यातून फार काही जात नव्हतं. (हे करण्याआधी खालच्यांना सांगा हं, सांधे खराब असतील तर त्यांच्याकडे एकदम जोरात गळू शकतं, तसं झालं तर लगेच कापड काढून पाणी सोडून द्यायचं.) शेवटी कापड काढलं आणि बादलीभर पाण्यात खायचा लाल रंग घालून ते थेट ट्रॅपमध्ये ओतलं, अशा तीन बादल्या. दीड तासात खालच्या छतावर गुलाबी थेंब. तेव्हा कळलं की पाणी ट्रॅपच्या सांध्यातून किंवा त्याच्या पुढच्या पाइपातून जातंय.

सगळ्याचे फोटो आणि छोटे व्हिडिओ काढून ठेवा. फोटोवर तारीख-वेळ येत नसेल तरी फोनमध्ये राहते, आणि मालक दुसऱ्या गावात असेल तर त्याला हेच दिसणार आहे. माझे मालक नागपूरला, रिटायर्ड, मी त्यांना काका म्हणतो, फ्लॅटला ते वर्षातून एकदा येतात.

आणि गळती कळली त्याच दिवशी मालकाला कळवा, कोटेशन येईपर्यंत थांबू नका. नुसतं एवढंच, की खालच्यांकडे गळतंय, फोटो पाठवतोय, मी टेस्ट करून दोन कोटेशन मागवतो, चालेल ना. एकदम आठ दिवसांनी मोठा आकडा समोर टाकला तर कोणीही बिचकतं.

दोघांना एकाच कामाचा रेट विचारा

दोन्ही कॉन्ट्रॅक्टरला घरी बोलावून टेस्टचे व्हिडिओ दाखवले. पहिल्याने, आपण त्याला पहिला कॉन्ट्रॅक्टरच म्हणू, पंधरा मिनिटं बघून रात्री व्हॉट्सअॅपवर एक ओळ पाठवली, बाथरूम वॉटरप्रूफिंग पूर्ण ५८,०००. दुसऱ्याने दोन पानी पीडीएफ पाठवली, ८४,५००. फरक २६,५०० चा. हे असंच मालकाला पुढे पाठवलं असतं तर कुठलाही माणूस पहिलंच निवडेल, आणि त्यात त्याची चूकही नाही.

मी पहिल्याला फोन करून एक एक विचारत गेलो. राडारोडा खाली नेऊन टेम्पोत टाकायचा कोणी? तो तुमच्याकडे, साधारण ५,०००. टाइल्स? मजुरी माझी, माल तुमचा. बाथरूम पाच बाय सात फूट, जमीन ३५ स्क्वेअर फूट, भिंतीला दोन फूट उंचीपर्यंत टाइल काढावी लागणार होती ती दरवाजा सोडून ४३, एकूण ७८, तुटफूट धरून ८५-८६ स्क्वेअर फूट, साधी अँटी-स्किड टाइल धरली तरी ५,००० च्या आसपास. कमोड काढून परत बसवणं? वेगळे २,५००. नहाणी ट्रॅप नवीन? तो घातला तर ४,५०० वाढतील. म्हणजे ५८,००० मध्ये आणखी १७,००० गेले, झाले ७५,०००. दुसऱ्याच्या ८४,५०० मध्ये हे सगळं धरलेलं होतं, जीएसटीसकट. पहिल्याला जीएसटीचं विचारलं तर म्हणाला पक्कं बिल हवं असेल तर बघू, म्हणजे तिथेही आकडा उघडाच होता. तो सोडला तरी खरा फरक २६,५०० नाही, ९,५०० चा.

पण याहून महत्त्वाचा मुद्दा पैशात दिसतच नाही. आमच्या बिल्डिंगचं बाथरूम सनकन आहे, म्हणजे स्लॅब खाली घेतलेला, त्यात ड्रेनेजचा पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला आणि त्यावर टाइल्स. पहिला कॉन्ट्रॅक्टर टाइल्स काढून जुन्या कोब्यावरच वॉटरप्रूफिंगचे दोन कोट मारणार होता आणि ट्रॅपभोवती तेवढं फोडून ट्रॅप बदलणार होता. दुसरा सगळा कोबा स्लॅबपर्यंत खोदून, डक्टपर्यंतचा चार फूट पाइप बदलून, स्लॅबवर आणि भिंतीवर एक फूट वर कोट मारून, कोपऱ्यात गोलाई देऊन, नवीन कोबा भरून, त्यावर परत कोट मारून मग टाइल्स लावणार होता. ही दोन वेगळी कामं आहेत. टाइल्सच्या सांध्यातून गळत असतं तर मी स्वतः काकांना पहिलंच घ्या सांगितलं असतं, फुकटचा कोबा खोदण्यात अर्थ नव्हता. पण आमची टेस्ट सांगत होती की गळती खाली पाइपात आहे, आणि ट्रॅप बदलला पण पुढच्या चार फुटातला सांधा फुटका निघाला तर वरचे कोट काहीच थांबवू शकत नाहीत, कारण पाणी कोटच्या खालीच सुटतंय.

म्हणून दोघांना विचारायचे प्रश्न आधी कागदावर लिहून घ्या. कोबा काढणार का, पाइप कुठपर्यंत बदलणार, कुठलं केमिकल किती कोट, टाइल्स लावायच्या आधी पाणी भरून टेस्ट किती तास, राडारोडा, कमोड आणि नळ परत बसवणं, टाइलचा माल, जीएसटी, किती दिवस, गॅरंटी किती आणि लेखी का तोंडी. पहिल्याची एक वर्ष तोंडी होती, दुसऱ्याची पाच वर्षं, बिलावर लिहून. उत्तरं फोनवर मिळाली तरी त्यालाच परत मेसेज करा की तुम्ही असं असं म्हणालात, बरोबर ना, आणि त्याचा "हो" येऊ द्या.

एक लहानशी गोष्ट, दोन्ही कोटेशन मालकाच्या नावाने आणि फ्लॅटच्या पत्त्यावर मागवा, तुमच्या नावाने नको. काम त्यांच्या मालमत्तेचं आहे, बिल आणि गॅरंटी त्यांच्याकडेच राहिली पाहिजे, तुम्ही उद्या फ्लॅट सोडून जाल.

मालकाला मेसेज

आधी फोन करायचा. आपल्याकडे एवढ्या मोठ्या रकमेचा विषय थेट मेसेजवर टाकला तर समोरच्याला ते नोटीस दिल्यासारखं वाटतं. फोनवर पाच मिनिटांत सांगायचं की टेस्ट झाली, दोन कोटेशन आलेत, डिटेल पाठवतो, वाचून सांगा. फोनवर होकार मिळाला तरी थांबायचं, मेसेज पाठवायचाच.

मेसेजमध्ये लोक दोन चुका करतात. एक, दोन पीडीएफ टाकून "काका बघा, काय करायचं" एवढंच लिहायचं. सत्तर वर्षांच्या माणसाला नागपुरात बसून कोबा आणि ट्रॅपचा हिशोब कसा लागणार, ते उद्या बघू म्हणून बाजूला ठेवतात. दुसरी चूक उलटी, सगळं आपणच ठरवून "मी दुसरा फायनल करतोय" असं कळवायचं. फ्लॅट त्यांचा, पैसे त्यांचे, निर्णय त्यांचाच. आपण तुलना करून, आपलं मत कारणासकट सांगून, एकच प्रश्न विचारायचा. मी पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार काका, सकाळी बोललो त्याप्रमाणे डिटेल पाठवतोय.

गळती नहाणी ट्रॅप किंवा त्याच्या पुढच्या पाइपातून आहे, रंगाच्या पाण्याचा व्हिडिओ वर आहे. पाण्याची लाइन आणि टाइल्स चेक केल्या, तिथे प्रॉब्लेम दिसला नाही.

कोटेशन १: ५८,०००. राडारोडा, टाइलचा माल, कमोड बसवणं, नवीन ट्रॅप धरून ७५,०००. जीएसटी वेगळा लागू शकतो. जुना कोबा तसाच राहील, पुढचा पाइप बदलणार नाहीत. ६ दिवस. गॅरंटी १ वर्ष तोंडी.

कोटेशन २: ८४,५०० सगळं धरून. पूर्ण कोबा काढून पाइप डक्टपर्यंत नवीन. ९ दिवस. ४८ तास पाणी भरून टेस्ट. गॅरंटी ५ वर्षं बिलावर.

खालच्यांच्या छताचं प्लास्टर-रंग दोन्हीत धरलेलं नाही, ते सुकल्यावर बघावं लागेल.

माझं मत २ नंबर, कारण गळती पाइपात आहे आणि १ मध्ये पाइप तसाच राहतोय. पण निर्णय तुमचा. तुम्हाला तिसरं कोटेशन घ्यायचं असेल किंवा तुमच्या ओळखीचा कोणी असेल तर मी घर दाखवायला थांबेन.

काका, शुक्रवार संध्याकाळपर्यंत १ का २ आणि रक्कम एवढं इथे लिहून कळवाल का? २ घेतलं तर सोमवारी काम सुरू होऊ शकतं. पैसे तुम्ही थेट कॉन्ट्रॅक्टरला ट्रान्सफर केलेत तर बरं, बिल तुमच्या नावाने होईल. तोपर्यंत मी ते बाथरूम वापरत नाहीये, खालच्यांना सांगितलं आहे."

यात तारीख का घातली तर कॉन्ट्रॅक्टरचा रेट पंधरा दिवसच धरला जाणार होता आणि खालच्यांचं छत रोज खराब होत होतं. तारीख दिली की कारणही द्या, नुसती मुदत टाकली की ती धमकीसारखी वाचली जाते. आणि बाथरूम बंद ठेवलंय हे सांगणं गरजेचं, कारण उद्या कोणी म्हणायला नको की कळल्यावरही पाणी सोडत राहिलात. एकच बाथरूम असेल तर अंघोळ आणि कपडे तरी तिथे कमी करा आणि तसं लिहा.

"ठीक आहे" म्हणजे मंजुरी नाही

काकांचं पहिलं उत्तर आलं, "ठीक आहे, बघून घे." साधारण सगळे इथे कॉन्ट्रॅक्टरला फोन लावतात. मी लावला नाही. हे उत्तर १ ला आहे का २ ला, का फक्त मेसेज वाचला म्हणून, कुणाला कळणार. मी लिहिलं, "काका, म्हणजे कोटेशन २, ८४,५०० ला तुमची मंजुरी धरू ना? तुम्ही हो म्हणालात की सोमवारी सुरू करायला सांगतो." उत्तर आलं, "हो, दुसरंच कर. ८४,५०० च्या वर जाऊ देऊ नकोस. पैसे मी पाठवतो." ही मंजुरी. कुठलं काम, किती रक्कम, पैसे कोण देणार, तीन गोष्टी त्यांच्या शब्दात. अंगठ्याचा इमोजी आला तरी असंच परत विचारा, आपण संशय घेतोय असं वाटू न देता, हिशोबासाठी विचारतोय असं.

पैसे तुम्हालाच आधी भरायला सांगितले आणि भाड्यातून वळते करू म्हणाले, तर तेही लिहून घ्या, कुठल्या महिन्यापासून, दर महिना किती, आणि मधेच फ्लॅट सोडला तर उरलेले कसे. मी शक्यतो तसं करू नका म्हणेन. ८४,५०० म्हणजे माझं जवळपास चार महिन्यांचं भाडं होतं, आणि अकरा महिन्यांतले तीनच उरले होते.

मालकाने पहिलं, स्वस्त कोटेशन निवडलं तर? तो त्यांचा हक्क आहे. वाद घालू नका, एवढंच लिहा की ठीक आहे काका, १ प्रमाणे करतो, फक्त पुढचा पाइप यात बदलला जाणार नाही त्यामुळे परत गळालं तर खोदावं लागेल हे तुमच्या लक्षात असू द्या. हे लिहिलेलं राहिलं की तीन महिन्यांनी परत गळाल्यावर बोट तुमच्याकडे येत नाही.

आणि काहीच उत्तर आलं नाही तर? दोन दिवसांनी फोन, मग तोच मेसेज ईमेलवर, मग अॅग्रीमेंटवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र, त्याची प्रत जपून. सोबत सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, कारण फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा खर्च सोसायटीच्या नियमांप्रमाणे सहसा त्या फ्लॅटच्या मेंबरवर असतो आणि खालच्यांनी लेखी तक्रार दिली की सोसायटी थेट मालकाला पत्र काढते. आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या केसमध्ये मालक दीड महिना फोन उचलत नव्हता, सोसायटीचं पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. उत्तर न येणं म्हणजे होकार असं मात्र कधीच धरू नका. खरंच इमर्जन्सी असेल, लाइन फुटून पाणी वाहतंय, तर व्हॉल्व्ह बंद करणं आणि प्लंबरकडून तेवढा तुकडा जोडून घेणं एवढंच करायचं, बिल आणि फोटो पाठवायचे, बाकी तोडफोड मंजुरीनंतर.

मंजुरी आली, आता काम सुरू व्हायच्या आधी

सोसायटीला अर्ज मालकाच्या नावाने जातो, तो त्यांच्याकडून ईमेल करून घ्या, तोडफोडीची वेळ आणि राडारोडा कुठे ठेवायचा ते विचारून घ्या. आमच्याकडे दुपारी दोन ते चार आवाज बंद. कॉन्ट्रॅक्टरला मंजूर कोटेशन परत पाठवून लिहा की हेच काम, हीच रक्कम, वाढीव काही निघालं तर फोटो काढून आधी कळवायचं, मालकांच्या लेखी होकाराशिवाय करायचं नाही.

ही ओळ आमच्या कामी आली. तिसऱ्या दिवशी कोबा काढल्यावर ट्रॅपच्या बाजूला स्लॅबचं काँक्रीट पोकळ निघालं, आतले गज गंजलेले. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ७,००० जास्त लागतील, पोकळ काँक्रीट काढून गज घासून त्यावर गंजरोधक लावून मग दुरुस्तीचा माल भरायचा. कामगार उभे, मी ऑफिसमध्ये, आणि "सर पटकन सांगा" सुरू. मी काम तिथेच थांबवलं, व्हिडिओ मागवला, काकांना पाठवून लिहिलं की कोटेशन २ च्या वर ७,०००, कारण हे, नाही केलं तर कोट गंजलेल्या भागावर बसेल. त्यांनी तासाभराने कॉन्ट्रॅक्टरशी स्वतः बोलून ६,००० ठरवले आणि मला लिहिलं, "वाढीव ६,००० मंजूर." एक दुपार गेली, पण एकूण ९०,५०० वर कुणाचंच दुमत राहिलं नाही, आणि हीच रक्कम मी स्वतः हो म्हणून टाकली असती तर "वर जाऊ देऊ नकोस" असं सांगूनही मी वाढवली असं झालं असतं.

पैशाचे टप्पे पण काकांना आधीच सुचवले होते. सुरुवातीला २५,०००, पाइप बदलून झाल्यावर २५,०००, पाण्याची टेस्ट पास होऊन टाइल्स लागल्यावर २५,००० आणि वाढीव ६,०००, उरलेले ९,५०० एक महिन्याने. टेस्टसाठी स्लॅबवरचे कोट सुकल्यावर ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवलं, पातळीची खूण केली, आणि खालच्या काकांकडे जाऊन रोज फोटो काढला. हा फोटो-व्हिडिओ मालकाला पाठवल्याशिवाय वरचा कोबा भरू देऊ नका, एकदा टाइल लागली की आत काय झालं ते दिसत नाही.

शेवटचे पैसे महिनाभर मागे का ठेवायचे त्याचं कारण आहे. काम झाल्यावर पण खालच्या छतावर आठ-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त, ओल दिसते, कारण स्लॅबमध्ये जिरलेलं पाणी हळूहळू सुकतं. खालचे काका दहाव्या दिवशी घाबरून वर आले, अजून ओलं आहे म्हणाले. डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारली आणि आठवड्याने बघितलं, डाग रेघेच्या आत आला होता, नवीन थेंब नव्हता. रेघेच्या बाहेर गेला असता किंवा थेंब आला असता तर कॉन्ट्रॅक्टरला बोलवायचं होतं. सुकायच्या आधी छताला रंग लावायची घाई करू नका, पापुद्रे सुटतात. पाच आठवड्यांनी छत कोरडं झालं, खालच्या काकांनी स्वतःच फोटो काढून दिला, तो मी नागपूरला पाठवला आणि काकांनी त्याच संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचे ९,५०० सोडले.